९१ चे अवयव आणि बाक्यांचा फेरा

९१ ही मूळ संख्या आहे असं पहिल्या नजरेत पुष्कळांना वाटतं. ती सम नाही, तिला ३ ने भाग जात नाही, ५ नेही जात नाही. ७ ने मात्र जातो आणि १३ उरतात. इतक्या लहान संख्येला भागाकार करून पाहता येतं. पण सहाशे अंकी संख्या दोनच प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारातून आलेली असेल, तर एकेका संख्येने भागत बसणं कुणालाच शक्य नाही. इंटरनेटवरचा बराचसा गुप्त मजकूर याच अडचणीच्या भरवशावर सुरक्षित राहिला आहे.

१९९४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या पीटर शोर यांनी क्वांटम संगणकासाठी अवयव पाडण्याची रीत मांडली. तिच्याविषयी वाचताना क्वांटम संगणकच अवयव शोधतो असा समज होतो. खरं तर तो एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून अवयव काढायला शाळेतलं गणित पुरतं.

तो प्रश्न ९१ वरच पाहू. एखादी संख्या निवडा, समजा ३. (निवडलेल्या संख्येचा आणि ९१ चा सामाईक अवयव निघाला, तर काम तिथेच संपलं.) आता ३ ने गुणत जायचं आणि दर वेळी ९१ ने भागून फक्त बाकी ठेवायची. ३, ९, २७, ८१. पुढे ८१ त्रिक २४३, त्यातून १८२ गेले, बाकी ६१. मग ६१ त्रिक १८३, बाकी १. यापुढे पुन्हा ३, ९, २७ असंच चालणार. सहाव्या पायरीला १ आला, म्हणजे हा फेरा ६ चा. फेरा किती लांब आहे, एवढाच तो प्रश्न.

आता त्या ६ चा उपयोग. ३ चा सहावा घात ९१ ने भागल्यावर १ उरतो, म्हणजे त्यातून १ वजा केला की ९१ ने नि:शेष भाग जातो. सहा ही सम संख्या असल्याने हा सहावा घात म्हणजे तिसऱ्या घाताचा, २७ चा, वर्ग. वर्गातून १ वजा केला की त्याची फोड शाळेत शिकलो तशीच होते: २७ उणे १ गुणिले २७ अधिक १. म्हणजे २६ गुणिले २८, म्हणजेच ७२८, आणि ते ९१ च्या बरोबर आठपट आहेत. पण एकट्या २६ ला ९१ ने भाग जात नाही, एकट्या २८ लाही नाही. मग ९१ चे अवयव या दोघांत विभागले गेले असलेच पाहिजेत. ९१ आणि २६ यांचा मसावि काढा: ९१ ला २६ ने भागून बाकी १३, आणि १३ ने २६ ला नि:शेष भाग जातो. मसावि १३. तसाच २८ शी काढलात तर ७.

हे दर वेळी जमतंच असं नाही. २६ ला ९१ ने भाग जाणार नाही याची हमी असते. गेला असता तर १ तिसऱ्याच पायरीला आला असता आणि फेरा ३ चा ठरला असता. २८ च्या बाजूला अशी हमी नाही. ३ ऐवजी १० घेऊन पाहा: बाक्या १०, ९, ९०... आणि फेरा पुन्हा ६ चाच. पण मधली बाकी ९०, तिच्यात १ मिळवला की थेट ९१. मसाविही ९१ च येतो, हाती काही लागत नाही. ९ घेतलं तर बाक्या ९, ८१, १; फेरा ३ चा, विषम, त्याचा अर्धा होत नाही. अशा वेळी दुसरी संख्या घ्यायची. विषम संख्येला किमान दोन वेगवेगळे मूळ अवयव असतील, तर यदृच्छया निवडलेली संख्या निम्म्याहून जास्त वेळा दगा देत नाही, असं सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे थोड्याच प्रयत्नांत काम होतं.

अवयवांचा प्रश्न फेऱ्यावर नेता येतो, हे शोर यांच्या आधीही ठाऊक होतं. अडचण फेऱ्याचीच होती. वर्गाचा वर्ग करत गेलं तर लाखाव्या पायरीची बाकी साधा संगणकही झटकन सांगतो. पण १ नेमक्या कितव्या पायरीला येणार, ते त्यातून कळत नाही. सहाशे अंकी संख्येचा फेराही शेकडो अंकांचा असू शकतो.

शोर यांनी क्वांटम संगणकाला दिलं ते हेच काम. असंख्य पायऱ्यांच्या बाक्या एका संयुक्त अवस्थेत मांडायच्या आणि त्यांच्या पुनरावृत्तीचा ताल मोजायचा. प्रत्येक मोजणीत, फेरा ६ चा असेल तर, एक षष्ठांशच्या कुठल्या तरी पटीजवळचा अपूर्णांक मिळतो. पाच षष्ठांश आला तर छेदातून ६ कळतात. दोन षष्ठांश आला तर तो एक तृतीयांशच दिसतो आणि ३ हे चुकीचं उत्तर निघतं. ते पकडणं सोपं आहे: ३ चा तिसरा घात २७, तो १ नाही, म्हणून मोजणी पुन्हा करायची.

२००१ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत सात क्यूबिट्सवर या रीतीने १५ चे ३ आणि ५ हे अवयव काढून दाखवले गेले. सहाशे अंकांसाठी लागणाऱ्या यंत्राचा २०१९ मधला एक अंदाज दोन कोटी सदोष क्यूबिट्स आणि आठ तास असा होता. २०२५ मध्ये त्यातल्याच एका संशोधकाने तो दहा लाखांच्या आत आणला, वेळ मात्र आठवड्याच्या आत. हा सारा खर्च फेरा मोजण्याचा आहे. त्यानंतरचा मसावि आजचा साधा संगणकही क्षणात काढतो.