आधी सोडा, मग आंबट: चहाच्या पातेल्याचं रसायन

काळ्या चहाच्या कपात लिंबाचे चार थेंब पिळले, की गडद तांबूस रंग बघता बघता फिकट सोनेरी होतो. त्याच चहाच्या दुसऱ्या कपात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, तर रंग उलट चढतो आणि चहा काळपट दिसू लागतो. पावडर तीच, पाणी तेच, तरी दोन कपांत दोन रंग. हा प्रयोग एकदा करून पाहावा, कारण चहाच्या पातेल्याला धरलेला तपकिरी थर कशाने सुटतो, याचं उत्तर त्या दुसऱ्या कपात आहे.

चहाची पानं चुरडून हवेवर ठेवतात, तेव्हा पानातले मूळचे रंगहीन पदार्थ ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांना जोडले जातात. त्यातून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन हे तांबूस-तपकिरी रेणू तयार होतात. चहाचा रंग यांचाच. आंबट पाण्यात हे रेणू आपला हायड्रोजन धरून ठेवतात आणि फिके दिसतात. सोड्याच्या पाण्यात ते हायड्रोजन सोडून देतात, त्यांच्यावर विद्युतभार येतो, रंग गडद होतो आणि पाण्यात विरघळायला ते जास्त राजी होतात. डाग काढायला आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

पण पाण्यात विरघळलेला हा रंग भांड्याला मुळात चिकटतो कसा? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या मायकेल स्पिरो आणि डिओग्रेशिअस जगान्यी यांनी कोऱ्या चहावर येणाऱ्या तवंगाचा छडा लावला आणि 1993 मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. तवंगासाठी पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हे क्षार लागतात, आणि वरून हवेतला ऑक्सिजन. शुद्ध केलेल्या, क्षार नसलेल्या पाण्यात तवंग धरत नाही. म्हणून बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा चहा भांडी लवकर काळी करतो. कपाच्या आतल्या बाजूला राहणारं तपकिरी वळंही याच तवंगाचं.

आपल्या घरच्या चहात दूधही असतं, आणि तिथे गोष्ट आणखी रंगते. दूध सत्तर अंशांच्या पुढे तापलं की त्यातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उलगडतं आणि गरम धातूला जाऊन बिलगतं. त्याच्यासोबत कॅल्शियम फॉस्फेटही बसतं. चहातले तपकिरी रेणू प्रथिनांना घट्ट धरतात, त्यामुळे प्रत्येक उकळीला थरावर नवा थर चढतो. चहा उतू येताना काठाला लागतो तिथे साखर आणि दूध करपतात. कडवट वास त्या करपलेल्या भागाचा आणि थरात मुरलेल्या दुधाच्या फॅटचा. घासणीने वरचा भाग निघतो, पण बारीक खड्ड्यांतला तसाच राहतो आणि पुढच्या चहात त्याची चव उतरते.

म्हणजे हा थर एका पदार्थाचा नाही. त्यात प्रथिनं आणि चहाचा रंग आहे, ते अल्कलीला वश होतात. त्यात खनिजंही आहेत, ती आम्लाला. दूध डेअऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. दूध तापवणाऱ्या यंत्रांत बसलेला असाच थर काढायला तिथे आधी कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी फिरवतात, मग साधं पाणी, मग आम्ल. खनिजांना प्रथिनांनी वेढलेलं असतं, म्हणून आधी प्रथिनं सुटली तर आम्लाला वाट मिळते. आपल्या ओट्यावर हाच क्रम पाळायचा, फक्त सौम्य पदार्थ वापरून.

एक लिटरचं स्टीलचं पातेलं घेऊ. तपकिरी रेषेच्या वर येईल इतकं गार पाणी भरा आणि लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा त्यात घाला. सोडा गार पाण्यातच घालायचा, कारण उकळत्या पाण्यात तो एकदम फसफसून वर येतो. स्टीलची गाळणीही त्यातच बुडवा. आता दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. या उकळीत खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा, म्हणजे मुळापेक्षा कितीतरी तीव्र अल्कली. पाणी हळूहळू तपकिरी होत जातं. आजवर थरात साठलेला चहा पुन्हा पाण्यात उतरत असतो. गॅस बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या, पाणी ओता, घासणीने घासा आणि भांडं स्वच्छ धुवा.

आता भांडं प्रकाशात धरून बघा. अजून तपकिरी दिसत असेल, तर सोड्याची उकळी आणखी एकदा द्यायची. रंग गेला पण बोटाला पांढरट खरखर लागत असेल, तर उरली आहेत ती खनिजं. मग लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून ते वीस मिनिटं ठेवा. बारीक बुडबुडे आले, तर तिथे कार्बोनेट आहे असं समजावं. लिंबूसत्त्व नसेल तर चिंचेचा कोळही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे, कारण फेस जोरात येतो. पण त्या फेसात अल्कली आणि आम्ल एकमेकांना संपवतात. मागे उरतं ते बव्हंशी सोडियम अॅसिटेटचं पाणी, आणि ते ना प्रथिनं सोडवतं ना खनिजं. दोघांना वेगवेगळी पाळी द्यायला हवी.

गाळणीची अडचण जाळीच्या विणीत आहे. एक तार दुसरीवरून जाते तिथे चहाचा चुरा अडकतो. उकळीनंतर जुन्या टूथब्रशने ती उलट्या बाजूने घासा, म्हणजे चुरा आला त्याच वाटेने बाहेर पडेल. मग उजेडाकडे धरा, बंद राहिलेली भोकं लगेच दिसतात. काही घरांत गाळणी गॅसच्या ज्योतीवर धरून जाळतात. चुरा जळतो हे खरं, पण स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा बारीक तारांवर त्या आचेने बिघडतो. तारा काळवंडतात, गंजतात आणि पुढे तुटतात. प्लास्टिकच्या गाळणीला उकळी देऊ नये. कोमट सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवली तर वास जातो, पण प्लास्टिकमध्ये मुरलेला रंग पूर्ण निघत नाही.

अॅल्युमिनियमच्या पातेल्याला मात्र सोडा लावूच नका. त्या धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर अल्कलीत विरघळतो, खालचा धातू झिजतो आणि भांडं आणखी काळं पडतं. तिथे चिंच किंवा लिंबाच्या पाण्याची थोडी उकळी द्यायची. काळपटपणा त्याने जातो. करपलेलं दूध आम्लाने निघत नाही, ते गरम पाण्यात भिजवून लाकडी उलथन्याने खरवडावं लागतं.

थर जाड होऊ न देण्याचा उपायही याच रसायनात आहे. ओलं असताना हा थर सैल असतो. वाळताना हवेतला ऑक्सिजन रेणूंना आणखी जोडत जातो आणि प्रथिनं घट्ट होतात. म्हणून चहा गाळल्याबरोबर पातेल्यात पाणी ओतून गाळणी त्यात बुडवून ठेवली, तर नंतर नुसत्या घासणीने काम भागतं आणि सोड्याची उकळी क्वचितच लागते.