नव्वद टक्के कशाचे?

२०१८ च्या जून महिन्यात ॲरी ॲस्टर या नवख्या दिग्दर्शकाचा ‘हेरेडिटरी’ हा भयपट अमेरिकेत लागला. समीक्षकांनी तो उचलून धरला. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर त्यांचा आकडा ९० टक्क्यांच्या आसपास गेला. पण पहिल्या रात्री चित्रपटगृहातल्या प्रेक्षकांकडून ‘सिनेमास्कोअर’ या संस्थेने कार्डं भरून घेतली, तेव्हा श्रेणी आली ‘डी प्लस’. ही श्रेणी ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत असते, म्हणजे प्रेक्षकांनी चित्रपट जवळजवळ नापासच केला होता.

यातलं कोण चुकलं? कोणीच नाही. दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे होते.

आधी ते ९० टक्के काय असतात ते पाहू. आपल्याला शाळेपासून टक्के म्हणजे गुण अशी सवय, त्यामुळे ९० टक्के दिसले की चित्रपट उत्कृष्ट असणार असं वाटतं. रॉटन टोमॅटोजवर मात्र ती निव्वळ डोकेमोजणी असते: शंभरातल्या किती समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढंच. दहापैकी नऊ जणांनी ‘बरा आहे, बघायला हरकत नाही’ असं लिहिलं तरी ९० टक्के होतात. उलट सहा जणांना एखादा चित्रपट वर्षातला सर्वोत्तम वाटला आणि चौघांना असह्य झाला, तर हाती येतात ६० टक्के. निरुपद्रवी चित्रपट वर चढतो आणि धाडसी चित्रपट खाली राहतो, तो असा. प्रेक्षकांच्या आकड्याचंही तेच. तिथे पाचपैकी साडेतीन तारे किंवा त्याहून जास्त देणारा ‘आवडलं’मध्ये मोजला जातो.

दुसरा फरक माणसांचा. समीक्षक कामाचा भाग म्हणून आठवड्याला कितीतरी चित्रपट बघतो. तीच ती वळणं बघून तो कंटाळलेला असतो, आणि कोणी वेगळी वाट धरली की त्याला ती आधी दिसते. प्रेक्षक महिन्याकाठी एखादा चित्रपट निवडतो, जाहिरात बघून मनाशी काही धरतो आणि स्वतःचे पैसे मोजतो. पहिल्या रात्री तो जे मत देतो, त्यात ‘मला जे हवं होतं ते मिळालं का?’ याचंच उत्तर असतं. ‘हेरेडिटरी’ला आलेल्या अनेकांना दचकवणारं भूत हवं होतं, मिळाली ती एका घराच्या दुःखाची संथ, गुदमरवणारी गोष्ट. २०१८ च्याच ‘व्हेनम’चं नेमकं उलट झालं. समीक्षकांकडून त्याला ३० टक्के, प्रेक्षकांकडून ८० च्या आसपास. ज्यांना तो राक्षसी नायक आवडतो तेच मुळात तिकीट काढून गेले होते.

प्रेक्षकांचा आकडा म्हणजे सगळे प्रेक्षक, असंही समजू नये. २०१७ च्या ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’ला समीक्षकांनी ९१ टक्के दिले, रॉटन टोमॅटोजच्या वापरकर्त्यांनी चाळिशीत अडकवलं, आणि सिनेमास्कोअरच्या कार्डांवर मात्र त्याला चक्क ‘ए’ मिळाला. कार्डं चित्रपटगृहात बसलेल्यांनी भरली होती. संकेतस्थळावर तेव्हा तिकीट न काढताही कोणालाही मत देता येत होतं, आणि मुद्दाम लिहायला येतो तो बहुधा चिडलेला किंवा भारावलेला. २०१९ मध्ये त्या संकेतस्थळाने तिकीट घेतल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचा आकडा वेगळा द्यायला सुरुवात केली. तो उपलब्ध असेल तिथे तोच बघावा.

मग कोणत्या संध्याकाळी कोणावर विसंबायचं? घरातली लहानथोर मंडळी मिळून बघणार असतील, किंवा दिवसभर दमून नुसतं हसायचं असेल, तर प्रेक्षकांचं ऐकावं. ओळखीची गोष्ट नीट सांगितली एवढं तेव्हा पुरेसं असतं, आणि त्याची पावती प्रेक्षकच देतात. एकट्याने, निवांत बसून काही वेगळं बघायचं असेल तर समीक्षकांचं. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ घ्या. २०१४ मध्ये व्हेनिसला गौरवलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा मराठी चित्रपट. टेबलावर मुठी आपटणारे वकील बघायला बसलेला माणूस त्यात हमखास कंटाळेल. कॅमेरा लांबून, न हलता, तारखांमागून तारखा पडताना बघत राहतो आणि न्याय कसा थकवतो हे त्यातूनच कळतं. ही तयारी समीक्षा वाचूनच होते. म्हणून आकड्यावर न थांबता एक अनुकूल आणि एक प्रतिकूल परीक्षण वाचावं. प्रतिकूल परीक्षणात ‘संथ आहे’ अशी तक्रार असेल आणि तुम्हाला संथच हवं असेल, तर ती तुमच्यासाठी शिफारस ठरते.

भयपटाची पहिल्या रात्रीची श्रेणी मात्र मनावर घेऊ नका. ‘डी प्लस’ मिळालेल्या ‘हेरेडिटरी’ने जगभरात सुमारे ८ कोटी डॉलर कमावले.