‘हे तूच लिहिलंस का?’ असं न विचारता

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांमध्ये रायटिंग सेंटर असतं. निबंधाचा कच्चा मसुदा घेऊन विद्यार्थी तिथे येतो आणि ट्यूटरबरोबर अर्धा-पाऊण तास बसतो. हा ट्यूटर बऱ्याचदा त्याच विद्यापीठातला, थोडा पुढे गेलेला विद्यार्थी असतो. तो मार्क देत नाही आणि शिक्षाही करत नाही. सेंटरचं काम लिहिणाऱ्याला घडवण्याचं आहे, हातातला निबंध चकचकीत करून देण्याचं नाही, ही भूमिका स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ साली एका लेखात मांडली. आजही अनेक सेंटर्स ती मानतात.

आता अशा ट्यूटरसमोर एआयने लिहिल्यासारखा वाटणारा मसुदा आला, तर त्याने काय करावं? ‘हे तूच लिहिलंस का?’ हा प्रश्न तोंडावर येतो, पण तो विचारण्यात अर्थ नाही. त्याला उत्तर दोनच, हो किंवा नाही, आणि दोन्हीनंतर बोलणं खुंटतं. शिवाय ट्यूटरचा संशय चुकीचा असू शकतो. एआयचा मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअर्सही चुकतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन २०२३च्या जुलैमध्ये मागे घेतलं, कारण ते पुरेसं अचूक नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेतले ९१ निबंध अशा सात साधनांमधून तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले हे निबंध, पण सरासरी निम्म्याहून अधिक निबंधांवर एआयचा शिक्का बसला. पुढचा शब्द सहज ओळखता येईल असं लिखाण या साधनांना यंत्राचं वाटतं, आणि परक्या भाषेत जपून लिहिणारा माणूस नेमका तसंच लिहितो. मराठी माध्यमातून तिकडे गेलेल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

म्हणून ट्यूटरने मजकूर कुठून आला हे न विचारता मजकुराबद्दल बोलावं. समजा, बीडकडची एक विद्यार्थिनी ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावर निबंध घेऊन आली आहे. इंग्रजी निर्दोष आहे. पण स्थलांतर ही गुंतागुंतीची, बहुआयामी प्रक्रिया आहे, त्यामागे आर्थिक आणि सामाजिक घटक आहेत, असंच पानभर चाललंय. एकही गाव नाही, एकही माणूस नाही.

ट्यूटर तिला तो परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगतो. रायटिंग सेंटरमध्ये हे सगळ्यांनाच सांगतात, त्यामुळे तिला ते खटकत नाही. मग तो म्हणतो, “मी हे वाचलं, पण माझ्या डोळ्यांसमोर कोणी येत नाहीये. ही माणसं कोण? कधी निघतात?” ती कागद बाजूला ठेवून बोलू लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोरं आजीजवळ राहतात, नाहीतर शाळा सोडून फडावर जातात. ट्यूटर हे तिच्याच शब्दांत टिपून घेतो, टिपण मसुद्याशेजारी ठेवतो आणि विचारतो, “यातलं निबंधात काहीच का नाही?”

इथे पुष्कळदा खरं बाहेर येतं. “मी मुद्दे एआयला दिले होते. माझं इंग्रजी बरं नाही.” ट्यूटरने यावर चेहरा बदलू नये. दोघांनी मिळून कोर्सचे नियम उघडून पाहावेत. काही प्राध्यापक व्याकरणापुरती मुभा देतात, काही मुळीच देत नाहीत, आणि नियम एकाच विद्यापीठात वर्गागणिक बदलतात. नियम स्पष्ट नसेल तर प्राध्यापकांना दोन ओळींचा ईमेल तिने स्वतः लिहावा, ट्यूटरने शेजारी बसावं. ‘हे कुणाला कळणार नाही,’ असं वचन मात्र त्याने देऊ नये. काही ठिकाणी सेशनचा अहवाल प्राध्यापकांकडे जातो, आणि ते तिला आधीच सांगायला हवं.

संदर्भांचंही तसंच. यादीतला एखादा शोधनिबंध अस्तित्वातच नसण्याची शक्यता असते. ‘हा खोटा आहे’ म्हणण्यापेक्षा “चल, हा लायब्ररीच्या साइटवर उघडू, तू म्हणतेस ते कुठल्या पानावर आहे बघू,” म्हणावं. सापडला नाही, तर ते दोघांनाही एकाच वेळी दिसतं. आरोप करावाच लागत नाही.

आणि ती काहीच बोलली नाही तर? मग ट्यूटरने खणत बसू नये. बहुतेक ठिकाणी तपास हे त्याचं काम नसतं. एक गोष्ट मात्र त्याने टाळायलाच हवी: त्या गुळगुळीत मजकुराची वाक्यं आणखी गुळगुळीत करून देणं. उरलेली वीस मिनिटं टिपणातून एकच परिच्छेद नव्याने लिहिण्यात घालवावीत, तिच्या मोडक्या इंग्रजीत का होईना. अहवालात दिसलं तेवढंच लिहावं: दोन संदर्भ सापडले नाहीत, विद्यार्थिनी ते पुन्हा शोधणार आहे, दुसरा परिच्छेद तिने उचल आणि कोयत्याबद्दल सांगितलेल्या माहितीवरून नव्याने लिहायला घेतला. ‘एआयचा संशय’ हे शब्द त्यात येऊ नयेत.