काँक्रीटच्या भिंतीतला सर्वांत गरम थर

सिमेंट आणि पाणी एकत्र आले की रासायनिक क्रियेतून उष्णता निघते. जाड भिंतीत ती प्रत्येक थरात तयार होते आणि दोन्ही पृष्ठभागांवरून हवेत जाते. दोन्ही बाजूंची परिस्थिती सारखी असेल तर सर्वाधिक तापमान बरोबर मधोमध असते. एका बाजूचे शटरिंग काढले की ते सरकते. किती सरकते, याचे गणित साधे आहे.

कमाल तापमानाच्या थरात तापमानाचा उतार शून्य असतो, म्हणून तो थर ओलांडून उष्णता जात नाही. त्याच्या डावीकडची सगळी उष्णता डावीकडून बाहेर पडते, उजवीकडची उजवीकडून. तो थर म्हणजे उष्णतेचा पाणलोट.

भिंत 1 मीटर जाड आणि हवा दोन्हीकडे 30 अंश सेल्सिअस धरू. दर घनमीटरमागे 300 वॅट उष्णता तयार होते आणि काँक्रीटची उष्णतावाहकता 2 वॅट प्रति मीटर प्रति अंश आहे. डावी बाजू उघडी, वाऱ्यावर. तिचा संवहन गुणांक 20. उजवीकडे प्लायवूडचे शटरिंग आहे. ते धरून परिणामी गुणांक 5. गरम थर डाव्या पृष्ठभागापासून x मीटरवर असेल, तर दोन्ही बाजूंनी मोजलेले त्याचे तापमान एकच आले पाहिजे:

30 + 15x + 75x² = 30 + 60(1 − x) + 75(1 − x)²

वर्गपदे कटतात आणि x = 0.6 येतो. म्हणजे गरम थर मध्यापासून 10 सेंटीमीटर शटरिंगकडे सरकला. तिथे 66 अंश, उघड्या पृष्ठभागावर 39 आणि शटरिंगखाली 54 अंश तापमान आहे. मधोमध बसवलेला सेन्सर जेमतेम पाऊण अंश कमी दाखवेल, कारण शिखराजवळ तापमानाचा आलेख जवळजवळ सपाट असतो.

खरा धोका पृष्ठभागाशी असलेल्या फरकात आहे. हा फरक साधारण 20 अंशांच्या आत ठेवावा, असा बांधकामातला प्रचलित संकेत आहे. त्यापुढे थंड पृष्ठभागावर ताण येऊन तडे जाण्याची भीती वाढते. शटरिंग दोन्हीकडे असताना गाभा सुमारे 79 अंशांवर जातो, पण फरक 19 च्या आत राहतो. दोन्ही बाजू उघड्या असल्या तरी फरक तेवढाच, गाभा मात्र 56 अंशांवर. एकच बाजू उघडली की त्या बाजूला फरक 27 होतो. गाभा आधीपेक्षा थंड आणि तडे जाण्याची शक्यता मात्र जास्त, हे चटकन पटत नाही.

हे गणित स्थिर अवस्थेचे आहे. सिमेंटची उष्णता काही दिवसांत ओसरते आणि एवढ्या जाडीत तापमान स्थिरावायलाही दिवसाहून अधिक लागतो. त्यामुळे हे आकडे अंदाजाचे, खात्री सेन्सरनेच करावी. उष्णतानिर्मिती दहाव्या भागावर, म्हणजे 30 वॅटवर आली, तर उजवीकडची हवा डावीकडच्या हवेपेक्षा फक्त 9 अंशांनी गरम असली, तरी कमाल तापमान उजव्या पृष्ठभागावरच येते. फरक याहून वाढला तर भिंतीच्या आत शिखरच उरत नाही. उष्णता एका बाजूने शिरून दुसरीकडून निघून जाते.