परक्या भाषेतलं भाषण लिहिताना

येडशीतला एक अनुभव सांगतो. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, एका तेलुगूभाषक अधिकाऱ्यांना मराठीत ४ मिनिटं बोलायचं होतं. आधी एका सभेत त्यांच्या लिंगाच्या चुकांवर लोक हसले होते. या दिवशी हसू नको, एवढंच त्यांचं म्हणणं. भाषण लिहायचं काम आमच्याकडे आलं.

आमचा पहिला मसुदा फसला. त्यात होतं : ‘ज्या ज्ञात-अज्ञात हुतात्म्यांनी सर्वस्वाची आहुती दिली, त्यांच्या स्मृतीस अभिवादन करण्याचे भाग्य मला लाभले.’ वाचताना ते ‘दिली’पाशी थांबले. आहुती देणारे अनेक, मग क्रियापद ‘दिली’ का? तेलुगूत क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं. मराठीत कर्त्याला ‘ने’, ‘नी’ लागला की ते कर्माच्या लिंगाकडे वळतं, आणि तेलुगूत तर वस्तूंना आपल्यासारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच.

मग आम्ही मसुदा बाजूला ठेवला आणि विचारलं, तुम्हाला सांगायचंय काय? ते म्हणाले, आमचे आजोबा नलगोंड्याकडचे. तिथंही निजामच होता. हे आम्हाला सुचलंच नसतं. त्यावरून असं लिहिलं :

‘आज सतरा सप्टेंबर. याच दिवशी निजामाचे राज्य संपले. त्यासाठी खूप लोक लढले. काही जण तुरुंगात गेले. काही जण परत आलेच नाहीत. माझे आजोबा नलगोंड्याचे. तिथेही निजामाचे राज्य होते. म्हणून हा दिवस माझाही आहे.’

यात क्रियापदं पाहा : संपले, लढले, गेले, आले. सगळी कर्त्याच्या मागे चालणारी. ‘राज्य’ हाच शब्द दोनदा ठेवला. नवा शब्द आणला की नवं लिंग येतं. १९४८ हे सालही काढलं, कारण ‘अठ्ठेचाळीस’ म्हणताना त्यांची जीभ अडखळे.

आखूड शब्द नेहमीच सोपा असतो असं मात्र नाही. ‘स्वातंत्र्य’ लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेला. पण तेलुगूतही तो जवळपास तसाच आहे, म्हणून पुढे तो ठेवला. ‘मुभा’ दोनच अक्षरी, पण त्यांना अनोळखी. शब्द बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या, दोघांच्याही ओळखीचा हवा.

‘ने’ पूर्णपणे टाळता येत नाही. ‘गावाने मला बोलावले’ हे वाक्य हवंच होतं. ते अख्खं पाठ करून घेतलं. मजकूर तेलुगू लिपीत उतरवला, एका ओळीत एक वाक्य. मग तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं. एकाच जागी दोनदा अडले, की आम्ही शब्द बदलायचो. त्यांना दुरुस्त करत बसलो नाही. मध्येच कागद झाकून विचारायचो, आता पुढे काय? अर्थ सांगता आला, तर वाक्य त्यांचं झालं. नाही आला, तर ते अजून आमचंच.

त्या दिवशी ‘परत आलेच नाहीत’ म्हणून ते थांबले. ती जागा आम्ही लिहिलेली नव्हती.