‘ॲसिड पेट घेत नाही’ : खरं आहे, पण आगीचं काय?

‘‘आमच्याकडं पेटणारं काही नाही हो. ॲसिडच तर आहे.’’

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परांडा, वाशी, कळंब या पट्ट्यात खव्याच्या भट्ट्या आहेत तशी दूध संकलन केंद्रंही आहेत. त्यातल्या एखाद्या केंद्राच्या छोट्या प्रयोगशाळेत आगीच्या तयारीचा विषय काढा, हे वाक्य हमखास कानावर पडतं. पुरावाही लगेच पुढं येतो. गंधकाम्लाची, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडची सेफ्टी डेटा शीट फाइलमधून निघते आणि बोट एका ओळीवर टेकतं : ‘ज्वलनशील नाही’. ओळ खरी असते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा असतो, आणि तो कितीही वेळा खोडला तरी पुन्हा उभा राहतो.

ही ओळ बहुधा विभाग ९ मधली असते. आजच्या शीटमध्ये ठरलेल्या क्रमानं सोळा विभाग असतात. त्यातला नववा फक्त पदार्थाचे गुणधर्म सांगतो : घनता, उत्कलनबिंदू, पेटतो की नाही. आग लागली तर काय करायचं ते विभाग ५ मध्ये असतं आणि हा पदार्थ कशाशी भिडला तर काय होईल ते विभाग १० मध्ये. आगीचं नियोजन या दोन विभागांवरून करायचं असतं. नवव्यावर बोट ठेवून फाइल मिटणाऱ्यानं पदार्थ ओळखला, धोका ओळखला नाही.

आता हेच त्या टेबलावर पाहू. दुधाची फॅट काढायला आता बहुतेक ठिकाणी यंत्र असतं. पण वाद झाला किंवा यंत्राची खातरजमा करायची वेळ आली की गर्बर पद्धत लागते. ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली गर्बर ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देण्याइतकी तापते. मग सेंट्रिफ्यूज, आणि ६५ अंशांचं गरम पाणी. गर्बर ॲसिड म्हणजे सुमारे ९० टक्के गंधकाम्ल. ते पेटत नाही. पण त्याच्या शेजारच्या बाटलीची शीट कुणी उघडली आहे का?

अमाइल अल्कोहोलच्या शीटमध्ये त्याच विभाग ९ मध्ये फ्लॅश पॉइंट दिलेला असतो : ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास, पुरवठादारानुसार एक-दोन अंश इकडं-तिकडं. द्रव एवढा तापला की त्याच्या पृष्ठभागावर ठिणगीनं पेटण्याइतकी वाफ जमते, असा त्याचा अर्थ. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत, भिंतीला लागून असलेल्या फळीवर दुपारी तीन वाजता किती असेल, ते तिथं साधा थर्मामीटर टांगून बघा. जानेवारीत जी बाटली जवळजवळ निरुपद्रवी असते, तीच मे महिन्यात पेटायला तयार असते. तिची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळं जमिनीलगत पसरते आणि गरम पाण्याच्या हीटरपर्यंत सहज पोचते.

या दोन बाटल्या एकाच फळीवर आहेत असं समजा. फळी कोसळली आणि दोन्ही फुटल्या. नळीत ॲसिड एक मिली अल्कोहोलशी भिडलं होतं, इथं ते अर्ध्या-एक लिटरशी भिडतं. मिश्रण क्षणात तापतं आणि बाहेर थंडी असली तरी फ्लॅश पॉइंट ओलांडतं. ॲसिड स्वतः पेटलं नाही, पण ठिणगी पडताच पेट घेईल अशी वाफ त्यानं तयार केली. गंधकाम्लाच्या विभाग १० मध्ये ‘अल्कोहोल, सेंद्रिय पदार्थ, धातू, पाणी’ अशी जी कंटाळवाणी यादी असते, ती हेच सांगत असते.

यादीतला ‘धातू’ हा शब्दही वाचून सोडू नका. ९८ टक्के ॲसिड लोखंडी पिंपात राहू शकतं, कारण लोखंडावर संरक्षक थर बसतो. त्यात पाणी शिरून ते पातळ झालं की तेच ॲसिड लोखंड आणि जस्ताचा मुलामा खायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन पेटायला पुरतो. ‘रिकाम्या’ ॲसिडच्या पिंपावर वेल्डिंग केलं की पिंप फुटतं ते यामुळं. तेव्हा आगीवर बादल्या ओतल्या आणि ते पाणी ॲसिडसह गॅल्व्हनाइज्ड रॅकखाली गेलं, तर आगीला नवं इंधन मिळालं.

म्हणून या खोलीची आगीची योजना दोन्ही शीट शेजारी ठेवूनच करावी लागते. ॲसिड खाली, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. अल्कोहोल दुसऱ्या भिंतीला, सावलीत, हीटरपासून दूर. अल्कोहोलसाठी ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक, तेही दाराजवळ. कारण आत टांगलं तर आगीतून जाऊन काढावं लागेल. आणि ॲसिडच्या बाटल्यांवर पाण्याचा फवारा मारायचा नाही.

सांडण्याबाबतचा दुसरा हट्टी समज म्हणजे, ‘भुसा टाकला की ॲसिड शोषलं जातं’. विभाग ६ उघडा. तिथं वाळू, कोरडी माती यांसारखा न जळणारा शोषक वापरा, असं असतं. अमेरिका आणि कॅनडात अग्निशमन दलं वापरतात त्या आपत्कालीन मार्गदर्शिकेतही गंधकाम्ल (यूएन क्रमांक १८३०) मार्गदर्शक १३७ खाली येतं आणि छोट्या सांडण्यावर कोरडी माती किंवा वाळू टाका, असंच ती सांगते. भुसा हा सेंद्रिय पदार्थ. तीव्र ॲसिड त्यातलं पाणी ओढून घेतं, भुसा काळा पडतो, तापतो, धुमसूही शकतो.

वाळूनं शोषून घेतल्यावर ॲसिड निष्प्रभ करायची पाळी येते. ‘सोडा आहे की आमच्याकडं,’ असं म्हणत अर्ध्या किलोचं पाकीट दाखवलं जातं. हिशेब करू. अडीच लिटरच्या एका बाटलीत सुमारे साडेचार किलो गर्बर ॲसिड असतं. ते पूर्ण निष्प्रभ करायला सोडा ॲश जवळपास तेवढाच, साडेचार किलो लागतो. खायचा सोडा असेल तर सात किलो. सोडा ॲश वापरला तर एक हजार लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दारं-खिडक्या बंद ठेवून, घाईनं, सगळा सोडा एकदम ओतला तर फेस उसळतो आणि ॲसिडचे शिंतोडे तोंडावर येतात. म्हणजे अर्ध्या किलोचं पाकीट ही मनाची समजूत आहे. पाच किलो सोडा ॲश, दोन घमेली कोरडी वाळू आणि प्लास्टिकचं फावडं ही तयारी आहे. आणि क्रम असा : आधी वाळू, मग दार उघडं ठेवून कडेनं थोडा-थोडा सोडा.

आता सगळ्यात धोकादायक गोंधळ. ‘ॲसिडवर पाणी घालू नये’ हे शाळेत पाठ झालेलं असतं आणि विभाग ६ मध्येही तसंच दिसतं. त्यामुळं हातावर ॲसिड उडाल्यावर पाणी लावायला घाबरणारे, आधी सोडा चोळणारे लोक आहेत. विभाग ४ तर भरपूर पाण्यानं धुवा म्हणतो! शीट स्वतःच्याच विरोधात बोलते का? नाही. भरलेल्या बाटलीत किंवा जमिनीवरच्या थारोळ्यात थोडं पाणी पडलं तर सगळी उष्णता त्या थोड्या पाण्यातच साठते आणि ते उकळून उडतं. कातडीवर ॲसिडचा पातळ थर असतो. त्यावर वाहतं, भरपूर पाणी सोडलं तर ॲसिडही वाहून जातं आणि उष्णताही. सोडा चोळला तर तिथंच अभिक्रियेची उष्णता तयार होते आणि धुण्याचा वेळ वाया जातो. ॲसिड उडालेले कपडे मात्र धुतानाच काढायचे.

‘भरपूर’ म्हणजे किती? आपत्कालीन नेत्रप्रक्षालनाच्या अमेरिकी मानकात (आन्सी झेड ३५८.१) डोळ्यांसाठी किमान मिनिटाला दीड लिटर, सलग १५ मिनिटं, असं धरलं आहे, म्हणजे साधारण २३ लिटर. अंगावर पडलं तर शॉवरचा हिशेब ११०० लिटरच्या पुढं जातो. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथं नळ बसवला एवढ्यानं भागत नाही. त्या नळाची टाकी फक्त यासाठी राखीव आणि भरलेली हवी, सावलीत हवी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी डोळ्याला चालत नाही. त्याच मानकानं ते १६ ते ३८ अंशांत असावं म्हटलं आहे.

बाकीचे समज थोडक्यात.

‘नेटवरून काढलेली शीट चालते.’ आधी विभाग ३ मधली तीव्रता बाटलीशी ताडून बघा. बॅटरीचं ॲसिड आणि गर्बर ॲसिड एकाच नावाचं असलं तरी दोन्हींची शीट एक नव्हे.

‘हातमोजे आहेत ना.’ कोणत्या पदार्थाचे आणि किती मिनिटं टिकणारे, ते विभाग ८ मध्ये बघा. तपासणीचे पातळ हातमोजे तीव्र ॲसिडसमोर फार वेळ टिकत नाहीत. तोंडाला रुमाल बांधणं हे तर संरक्षणच नाही.

‘माहिती उपलब्ध नाही, म्हणजे धोका नाही.’ त्याचा अर्थ कुणी मोजलेलं नाही, एवढाच.

‘शीट ऑडिटसाठी असते.’ भोपाळनंतर आलेल्या घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीबाबतच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम १७ उद्योग चालवणाऱ्यावर ही शीट मिळवण्याची किंवा तयार करण्याची जबाबदारी टाकतो. पुरवठादार देत नसेल तर मागा. हा उपकार नव्हे.

‘दवाखान्यात सांगू की ॲसिड होतं म्हणून.’ कोणतं, किती तीव्र, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. शीटची एक प्रत जखमीबरोबर गेली पाहिजे.

कपाटात कुलूपबंद असलेली सोळा विभागांची इंग्रजी शीट आणीबाणीत कुणी वाचत नाही, आणि वाचावी अशी अपेक्षाही नको. तिच्यातले विभाग ४, ५, ६ आणि १० आज शांतपणे वाचा, दोन्ही बाटल्यांचे एकत्र वाचा आणि त्यातून मराठीत एक पान काढून दाराच्या आत लावा. वाळू कुठं, सोडा किती किलो, पाणी किती लिटर, अग्निशामक कुठं, १०८ ला काय सांगायचं : एवढंच त्यावर हवं. आणि मार्च संपायच्या आत अमाइल अल्कोहोलची बाटली त्या फळीवरून हलवा.