पानात निघालेला केस

उपाहारगृहात जेवणात केस निघाल्याची तक्रार इतर तक्रारींपेक्षा वेगळ्या प्रकारची असते, कारण मीठ जास्त पडले किंवा भाजी गार आली तर पदार्थ सुधारता येतो, पण केस दिसल्यावर ग्राहकाचा त्या पदार्थावरचाच नव्हे, तर त्याच स्वयंपाकघरातून आलेल्या टेबलावरच्या प्रत्येक वाटीवरचा विश्वास उडतो. ही किळस जुनी आहे. केस व किडे पडलेले अन्न खाऊ नये, असा निषेध मनुस्मृतीतही आढळतो. केसामुळे माणूस लगेच आजारी पडण्याची शक्यता फारशी नसते. तथापि ही गोष्ट टेबलाशी उभे राहून सांगणे म्हणजे तक्रार चिघळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

पुण्यासारख्या शहरातील मध्यम आकाराच्या, कुटुंबे येतात अशा उपाहारगृहातील शनिवार रात्रीचे एक टेबल उदाहरणादाखल घेता येईल. चार माणसे बसली आहेत: आजी, नवरा-बायको आणि लहान मुलगा. मागवलेल्या व्हेज कोल्हापुरीचा एक वाडगा मध्ये ठेवलेला आहे, त्यातली भाजी चौघांच्या ताटांत वाढून झाली आहे, रोट्या गरम आहेत आणि दुसऱ्या घासाला सुनेला रश्श्यात केस दिसतो. ती हात वर करते, तेव्हा जवळचा वेटर टेबलाशी येतो आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याच्याकडून जे घडते, त्यावर बाकीचे बरेच काही अवलंबून राहते.

वेटरने प्रथम वाकून ताटाकडे नीट पाहायचे असते, कारण न पाहता मागितलेली क्षमा ग्राहकाला टाळाटाळीसारखी वाटते. मात्र पाहताना केसाला बोट लावायचे नाही, तो चमच्याने बाजूला काढायचा नाही आणि त्याची लांबी किंवा रंग यांवर एक शब्दही उच्चारायचा नाही. “हा तर लांब आहे, आमच्या आत सगळे पुरुषच आहेत,” हे वाक्य वेटरच्या तोंडून सहज निसटते, आणि त्याचा अर्थ केस तुमच्याच डोक्याचा आहे असा होतो. समोर बसलेल्या बाईला तो अर्थ क्षणात कळतो. “ताई, चूक आमची आहे, हे आत्ता उचलतो,” एवढे वाक्य पुरते. क्षमा एकदाच मागावी, कारण ती वारंवार मागितली की शेजारच्या टेबलांवरच्या माना वळू लागतात आणि तक्रार करणाऱ्या कुटुंबालाच अवघडल्यासारखे होते. ग्राहकाने मोबाइलवर छायाचित्र काढले तर ते काढू द्यावे. ताट झाकण्याची धडपड संशय वाढवते.

यानंतर काय उचलायचे, हा प्रश्न येतो आणि आपल्याकडच्या जेवणाच्या पद्धतीमुळे तो पाश्चात्त्य पद्धतीच्या सेवेपेक्षा अवघड ठरतो. ज्या पद्धतीत प्रत्येकाची बशी स्वतंत्र येते, तेथे तक्रार एका बशीपुरती राहते. येथे मात्र केस सुनेच्या ताटात दिसला असला, तरी तो ज्या वाडग्यातून आला त्याच वाडग्यातली भाजी आजींच्याही ताटात आहे. म्हणून फक्त एक ताट बदलणे अपुरे असते. चौघांना विचारून चारही ताटे, मधला वाडगा, वाढायचा चमचा आणि त्या ताटांत असलेल्या रोट्या असे सर्वच उचलावे लागते. दाल वेगळ्या वाडग्यात असून तिला कोणी हात लावलेला नसेल, तर ती ठेवावी की न्यावी, हे ग्राहकालाच ठरवू द्यावे. वाडगा नेताना तो खांद्याच्या उंचीवर धरून सगळ्या दालनातून मिरवत न नेता वरून बशी झाकून न्यावा.

उचललेला वाडगा लगेच रिकामा करण्याची घाई करणे हे पुढचे मोठे अपयश असते. ग्राहकाच्या मनात एकच भीती असते, ती म्हणजे आत नेऊन केस काढतील, भाजी गरम करतील आणि तीच परत आणतील. ही भीती निराधार असतेच असे नाही, म्हणून जुना वाडगा दालनाच्या कडेला, जेथे पाणी व चमचे ठेवलेले असतात त्या जागी झाकून ठेवावा आणि नवी भाजी टेबलावर येईपर्यंत तेथून हलवू नये. तो अजून बाहेरच आहे हे कुटुंबाला दिसते आणि नंतर तपासणीसाठीही तो हाताशी राहतो.

दरम्यान कॅप्टन, म्हणजे काही टेबलांची जबाबदारी असलेला वेटरांचा वरिष्ठ, टेबलाशी यायला हवा. वेटरला बिलातून पदार्थ कमी करण्याचा अधिकार नसतो, आणि तो कॅप्टनला शोधायला गेला की ग्राहक त्या ताटासमोर एकटेच उरतात. यासाठी वेटरने आधी ताटे उचलावीत आणि मगच कॅप्टनला हाक मारावी. कॅप्टनने कुटुंबाला सगळी हकीकत पुन्हा सांगायला लावू नये, ती वेटरकडून ऐकूनच यावे आणि एकच प्रश्न विचारावा: तीच भाजी नव्याने करून आणू की दुसरे काही चालेल? बऱ्याच जणांना तोच पदार्थ पुन्हा नको असतो. उत्तर मिळाल्यावर नवी केओटी, म्हणजे स्वयंपाकघराला जाणारी मागणीची चिठ्ठी, आत जाते आणि ती रांगेच्या पुढे घ्यायला कॅप्टन स्वतः सांगतो. अशा स्वयंपाकघरात मूळ ग्रेव्ही तयार असल्याने भाजी दहा-एक मिनिटांत होऊ शकते. मात्र रोट्या तिच्याबरोबरच तंदुरातून निघाल्या पाहिजेत, नाहीतर भाजीपाठोपाठ गार रोटीची दुसरी तक्रार येते. मधल्या वेळात लहान मुलासाठी थोडा दालभात आधी आणून दिला, तर सगळ्या टेबलाचा ताण उतरतो.

केस कोणाचा, हा प्रश्न टेबलावरून उठवून आत न्यायचा असतो आणि तेथेही त्याचे उत्तर नेहमी मिळत नाही, कारण केसातले केराटिन हे प्रथिन उकळत्या रश्श्यात विरघळत नाही आणि शिजलेला व वरून पडलेला केस नुसत्या डोळ्यांना सारखाच दिसतो. तरीही जागेवरून काही कळते. रोटीच्या कणकेत रुतलेला केस मळतानाच गेलेला असतो, तर भाजीवर तरंगणारा केस वाढताना किंवा टेबलावरही पडलेला असू शकतो. उजेडात धरल्यावर कधी तो केस नसून आल्याचा धागा, पोत्याचा सुतळीतंतू किंवा ब्रशचा तंतू निघतो. पण हा शोध ग्राहकाने विचारल्याशिवाय त्याला ऐकवायला जाऊ नये. केस नव्हता हे सिद्ध झाले, तरी ताटात नको असलेली वस्तू होतीच, आणि 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 54 नुसार अन्नातील बाह्य पदार्थासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बिल आणताना ती भाजी आधीच वजा केलेली असावी आणि कॅप्टनने ते तोंडी सांगावे, म्हणजे आकडे तपासण्याची वेळ कुटुंबावर येत नाही. फुकट गुलाबजाम तक्रारीच्या पहिल्या मिनिटाला पुढे केले, तर ते तोंड बंद करण्याची लाच वाटतात. जेवण नीट पार पडल्यावर तेच आणले तर स्वीकारले जातात. केस मुद्दाम टाकल्याचा संशय असला, तरी टेबलाशी पद्धत बदलू नये, कारण एका भाजीची किंमत दालनातल्या भांडणापेक्षा कमी असते. असा संशय तक्रार-वहीत नोंदवावा. त्या नोंदीत तारीख, पदार्थ, केस कुठे सापडला आणि त्या वेळी कोणत्या विभागात कोण होते, एवढे असले की महिनाभरात त्याच कणकेच्या परातीवर दुसरी नोंद पडते का, आणि तेथे काम करणाऱ्याची टोपी कानांपर्यंत येते का, हे तपासता येते.